पीएसएमचे प्रश्न काढणाऱ्या परीक्षकांना खुले पत्र: कुत्रं चावल्यावरचा शून्य दिवस कोणता?

सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या परीक्षकांस,
सप्रेम नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात हा विषय शिकवतो आणि श्वानदंशाच्या रुग्णांना लस देण्याच्या कामात असतो. दरवर्षी एमबीबीएसच्या उत्तरपत्रिका आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या सराव परीक्षा डोळ्यांखालून जातात. त्यात रेबीजवर एक तरी प्रश्न असतोच, आणि तो बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो: 'प्राणी चावल्यानंतरच्या लसीकरणाचे वेळापत्रक लिहा.' मुलं '०, ३, ७, १४, २८' लिहितात आणि पूर्ण गुण घेतात. तोच मुलगा किंवा तीच मुलगी पुढे इंटर्न म्हणून टेबलावर बसते. समोर केसपेपर येतो आणि पहिली अडचण तिथेच उभी राहते: शून्य दिवस म्हणजे कुत्रं चावलं तो, की पहिली सुई टोचली तो? शेजारच्या खुर्चीवरच्या नर्सताईंना विचारल्याशिवाय तिला कार्डावर तारखा घालता येत नाहीत. मग पूर्ण गुण आपण कशाचे दिले?

आमचं म्हणणं थोडक्यात असं. रेबीजवर आकडे आठवायला लावणारे प्रश्न कमी करा आणि तारीख, वजन व जखम देऊन हिशेब करायला लावणारे प्रश्न वाढवा. असा प्रश्न कसा असावा आणि त्यात विद्यार्थी कुठे कुठे पडतो, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आम्ही रचलेलं आहे. त्यातला एकेक तपशील मात्र रोजच्या कामातला आहे.

सोमवार, ३ जून. करवीर तालुक्यातल्या एका गावात सहा वर्षांच्या मुलीला गल्लीतलं कुत्रं चावतं. डाव्या गालावर दातांच्या दोन खुणा, उजव्या मनगटावर फाटलेली जखम, मांडीवर आणखी दोन खुणा. सगळीकडून रक्त आलेलं आहे. घरच्यांनी हळद आणि तिखट भरून फडकं बांधलं. कुत्रं ओळखीचं, गल्लीतच फिरणारं, म्हणून तीन दिवस कुणी काही केलं नाही. गुरुवारी, ६ जूनला, मनगट सुजलं म्हणून मुलीला दवाखान्यात आणलं. वजन १८ किलो. पूर्वी रेबीजची लस कधीच घेतलेली नाही. आता काय करायचं?

पहिलं काम धुणं. आमच्या अनुभवात निम्मे विद्यार्थी इथेच पडतात. 'तीन दिवस झाले, आता धुऊन उपयोग नाही' असं लिहून ते सरळ लसीकडे वळतात. हे चूक आहे. रुग्ण उशिरा आला तरी जखम धुवायचीच, राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागी काही काळ स्नायूत राहू शकतो आणि मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो. तो नक्की कधी शिरला हे टेबलावर बसून कुणालाच कळत नाही, म्हणून जेवढा बाहेर काढता येईल तेवढा काढायचा. शिवाय या मुलीच्या जखमेत हळद-तिखट आहे. तेही धुऊन निघायला हवं, कारण तिखट, चुना, तेल, माती, पानांचा रस यांनी जखम चिडते आणि तिला खरवडून, चोळून विषाणू आणखी खोल ढकलला जातो.

धुवायचं कसं, हे उत्तरपत्रिकेत नेमकं यायला हवं. वाहत्या नळाखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटं. साबण अंगाचा असो की कपड्यांचा, चालतो. या विषाणूला बाहेरून चरबीचं वेष्टण असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो. म्हणूनच 'पाण्याने धुवावे' एवढ्याच उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत. पंधरा मिनिटं हा काळ लिहायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाहिल्याशिवाय कोणीही दोन-तीन मिनिटांतच 'झालं' म्हणतं. लहान मूल रडतं, आई हात मागे ओढते, ओपीडीत रांग लागलेली असते. दाताची खूण वरून बारीक आणि आत खोल असते, त्यामुळे पाण्याची धार आतपर्यंत गेली पाहिजे, नुसतं वरचं रक्त पुसून भागत नाही. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, उघड्या हाताने जखम चोळू नये. लाळ डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल तर तिथे साबण नाही, भरपूर साधं पाणी. धुऊन कोरडं केल्यावर पोविडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावायचं.

आणि टाके? मुलीचं मनगट फाटलेलं आहे. नवखा डॉक्टर इथे सुईदोरा मागतो. टाके घालताना सुई निरोगी पेशींतून जाते आणि विषाणूला नव्या मज्जातंतूंपर्यंत वाट मिळते. म्हणून शक्यतो टाके घालायचे नाहीत. रक्तस्रावामुळे किंवा चेहऱ्याच्या जखमेमुळे घालावेच लागले, तर आधी जखमेत तयार प्रतिपिंडांचं सिरम भरायचं, काही तास थांबायचं आणि मग कमीत कमी, सैल टाके घालायचे. जुन्या पुस्तकांतलं कार्बोलिक ॲसिडने जाळणं आता बाद झालं आहे, तरी पर्यायांमध्ये ते अजून दिसतं. विद्यार्थ्याने ते चुकीचं म्हणून ओळखावं एवढ्यासाठी असेल तर ठीक. उत्तरतालिकेत ते बरोबर म्हणून नको. धनुर्वाताची लस आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविकं हे उत्तरात एका ओळीत आलं तरी पुरे.

आता वर्ग. नुसता प्राण्याला हात लावला, त्याला खायला घातलं, धड कातडीवर त्याने चाटलं, तर वर्ग १. त्यात धुण्यापलीकडे काही नाही, माहिती विश्वासार्ह असेल तर. उघड्या कातडीला नुसतं चावून पाहिलं, रक्त न येता ओरखडा किंवा खरचटणं, तर वर्ग २: धुणं आणि लस. कातडी फोडून आत गेलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या कातडीवर चाटणं, डोळ्या-तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेला लाळ लागणं, हा वर्ग ३: धुणं, लस आणि सिरम. जंगली प्राण्याचा चावाही वर्ग ३ मध्येच धरतात. आमच्या मुलीला रक्त आलं आहे आणि खुणा आत गेल्या आहेत, म्हणून ती वर्ग ३ मध्ये. इथे एक भाबडी चूक दिसते. विद्यार्थी जखम लहान की मोठी यावर वर्ग ठरवतात. एका दाताचीही खूण कातडीच्या आत गेली असेल तर वर्ग ३ च. रक्त आलं का, एवढा एकच प्रश्न त्याने स्वतःला विचारला तर बहुतेक केस सुटतात.

कुत्रं ओळखीचं होतं, मुलीने आधी शेपटी ओढली होती, त्याला मालकाने लस दिली आहे, असे बारकावे प्रश्नात घालून विद्यार्थ्याची दिशाभूल करता येते आणि ती जरूर करावी. डिवचल्यामुळे चावलं म्हणजे ते पिसाळलेलं नाही, असं धरता येत नाही. लस दिल्याचं कार्ड दाखवलं तरी त्या एकट्या कारणावर मुलीचे उपचार अडवायचे नाहीत.

सिरम हा या प्रश्नाचा गाभा आहे आणि आपल्या प्रश्नपत्रिकांत त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. लस दिल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला साधारण एक ते दोन आठवडे घेतं. गालासारख्या जागी, जिथे मज्जातंतूंचं जाळं दाट आहे आणि मेंदू वीतभर अंतरावर आहे, तिथे हा उशीर परवडणारा नाही. त्या मधल्या काळात तयार प्रतिपिंडं जखमेतच सोडायची, हे सिरमचं काम. त्यामुळे ते जखमेत आणि तिच्या भोवती भरायचं असतं. दंडात किंवा कुल्ल्यात देऊन मोकळं होता येत नाही.

मात्रा वजनावर. घोड्यापासून बनवलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसापासूनचं असेल तर २०. आमच्या मुलीचे १८ किलो, म्हणजे घोड्याचं सिरम ७२० युनिट. एका मिलीलीटरमध्ये ३०० युनिट असतील तर २.४ मिली. हीच मुलगी माणसाच्या सिरमवर असती तर ३६० युनिट. त्याच्या एका मिलीत १५० युनिट असतील तर पुन्हा २.४ मिलीच. आकारमान सारखं येतं म्हणून विद्यार्थी दोन्ही सिरम एकच समजतो आणि मग वायलवर वेगळी ताकद छापलेली असली की फसतो. प्रश्नात 'एका मिलीत इतके युनिट' हे दिलंच पाहिजे. अलीकडे एकल प्रतिपिंडाचं औषधही मिळतं. त्यातल्या एकाची मात्रा किलोमागे ३.३३ युनिट आहे. म्हणून 'सिरम द्या' असं मोघम लिहून मात्रा विचारणं अन्यायाचं ठरतं.

आता अडचण पाहा. गालाच्या दोन खुणा, मनगट, मांडीच्या दोन खुणा, आणि हातात २.४ मिली. एवढ्यात सगळ्या जखमा भरत नाहीत. गाल आणि मनगट भरून मांडी तशीच सोडणारी उत्तरं येतात, नाहीतर 'आणखी एक वायल घ्यावी' असं लिहिलेलं असतं. दोन्ही चूक. जखम सोडली तर विषाणूला तिथेच मोकळीक मिळते. मात्रा वाढवली तर तयार प्रतिपिंडांनी लसीला मिळणारा शरीराचा प्रतिसाद दबतो. यातून सुटका सोपी आहे: २.४ मिलीत तेवढंच निर्जंतुक सलाइन घालून ४.८ मिली करायचं आणि सगळ्या जखमांना वाटायचं. बोटाची किंवा नाकाच्या शेंड्याची जखम असती तर दाबून भरायचं नाही, कारण तिथे जागा कमी आणि दाब वाढला तर रक्तपुरवठा अडतो. लस आणि सिरम एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी कधीही नाही.

घोड्याच्या सिरमआधी कातडीवरची चाचणी करायची का, हा प्रश्न आपण अजून 'हो' या उत्तराची अपेक्षा ठेवून विचारता. ती चाचणी ॲनाफिलॅक्सिस होणार की नाही हे सांगू शकत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती सुचवणं सोडलं आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकात मात्र ती अजून सापडते. परीक्षेत विचारायचंच असेल तर असं विचारा: चाचणी निगेटिव्ह आली म्हणून ट्रेमधलं ॲड्रिनॅलिन काढून ठेवता येईल का? उत्तर नाही असं आहे. सगळ्या जखमा भरून सिरम उरलं तर ते दूरच्या स्नायूत द्यावं, असं जुन्या पुस्तकांत आहे. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की त्याचा फारसा फायदा नाही. ज्या मुद्द्यावर दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात, त्यावर एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न काढू नये, ही आमची साधी विनंती.

आता तारखा. शून्य दिवस म्हणजे लसीचा पहिला डोस दिला तो दिवस. आमच्या मुलीला ३ जूनला चावलं, पण शून्य दिवस ६ जून. सरकारी दवाखान्यात सहसा त्वचेच्या थरात, म्हणजे आयडी पद्धतीने लस देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. म्हणजे ६ जून, ९ जून, १३ जून आणि ४ जुलै. हीच मुलगी खासगी दवाखान्यात स्नायूतली, म्हणजे आयएम लस घेत असती, तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी प्रत्येकी एक वायल, म्हणजे मध्ये २० जूनची आणखी एक फेरी. तारखा मांडल्यावर एक गोष्ट लगेच दिसते. ०, ७, १४, २८ हे सगळे दिवस एकाच वाराला पडतात. वेगळ्या वाराला पडतो तो फक्त तिसरा दिवस. इथे तो ९ जून, रविवार. गुरुवारी सुरू केलेला प्रत्येक कोर्स रविवारी अडकतो. ओपीडी बंद असेल तर पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून द्यायला हवं की रविवारी अपघात विभागात यायचं. वेळापत्रक पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हे कधीच सुचत नाही. तारखा काढायला लावलेल्या विद्यार्थ्याला ते आपोआप दिसतं.

आणि समजा आई रविवारी आलीच नाही, मंगळवारी ११ जूनला आली. आमच्या पाहण्यात 'कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा' हे सगळ्यात जास्त येणारं उत्तर आहे, आणि ते चुकीचं आहे. राहिलेला डोस त्याच दिवशी द्यायचा आणि पुढचे डोस मधलं अंतर राखून द्यायचे. पहिल्यापासून काहीही नाही. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हा नुसता वर्गातला प्रश्न नाही. तोडीच्या टोळीतलं मूल शिरोळच्या फडात चावलं गेलं तर २८ व्या दिवसापर्यंत टोळी तिथेच असेल याची खात्री नसते. त्याला दिलेलं कार्ड वाचून पुढच्या गावातल्या डॉक्टरला सांगता आलं पाहिजे की आयडी चालू आहे की आयएम, कितवा डोस झाला, सिरम दिलं का. 'कार्डावर काय काय लिहाल?' हा तीन गुणांचा सुंदर प्रश्न आहे, आणि तो कुणीच विचारत नाही.

सिरमलाही तारखेची मुदत आहे. समजा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ६ जूनला लस मिळाली पण सिरम नव्हतं, आणि मुलीला कोल्हापूरला पाठवलं. ती १० जूनला पोहोचली तर सिरम द्यायचं. १३ जूनपर्यंत, म्हणजे पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. १४ जूनला आली तर नाही, कारण तोवर लसीने शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवायला लागलेलं असतं आणि सिरम त्यात अडथळा आणतं. मुदत मोजली जाते ती लसीच्या पहिल्या डोसपासून. चावल्याच्या दिवसापासून ती मोजायची नाही. हा फरक न कळणारा विद्यार्थी दोन महिने उशिरा आलेल्या, एकही डोस न घेतलेल्या रुग्णाला सिरम नाकारतो. त्या रुग्णाला मात्र कालच चावल्यासारखं धरून सगळं द्यायचं असतं, कारण रेबीजचा अधिशयन काळ सहसा दोन-तीन महिन्यांचा असतो आणि क्वचित वर्षभरापर्यंत जातो. सिरम नाही म्हणून लस रोखून ठेवणं ही याहून मोठी चूक.

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवणं, हा मात्र चावल्याच्या दिवसापासून मोजायचा हिशेब. ३ जून ते १३ जून. लाळेत विषाणू येऊ लागल्यावर कुत्रं थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. म्हणून दहा दिवसांनीही ते धडधाकट असेल तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, एवढं ठामपणे म्हणता येतं. हा नियम कुत्रा आणि मांजर यांनाच लागू. आणि त्या दहा दिवसांत उपचार थांबवायचे नसतात, ते चालूच. कुत्रं ठणठणीत राहिलं तर? राष्ट्रीय सूचनांप्रमाणे आयएम कोर्समध्ये १४ व्या दिवसाचा डोस वगळून २८ व्या दिवसाचा द्यायचा, म्हणजे तो पुढच्या काळासाठी आगाऊ संरक्षणाचा कोर्स ठरतो. आयडी कोर्स मात्र कुत्र्याचं काहीही झालं तरी पूर्ण करायचा. हा बारकावा विचारा. चांगल्या आणि साधारण विद्यार्थ्यातला फरक इथे कळतो.

आयडीच्या आकड्यांविषयी थोडं. '२-२-२-०-२' असं लिहिलं की मुलं त्याला मिलीलीटर समजतात नाहीतर वायल. हे आकडे जागांचे आहेत: ०, ३, ७, १४, २८ या पाच दिवशी किती जागी टोचायचं. चौथा आकडा शून्य, म्हणजे १४ व्या दिवशी काही नाही. जुन्या आवृत्त्यांतलं '२-२-२-०-१-१' आणि '८-०-४-०-१-१' अजून पर्यायांत फिरतं. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलेला सात दिवसांचा '२-२-२-०-०' आला. तो आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचा '२-२-२-०-२' एकाच प्रश्नाच्या चार पर्यायांत असतील तर दोन बरोबर उत्तरं होतात, आणि विद्यार्थी हरकत घेतो ती रास्त असते. 'राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रमानुसार' हे शब्द प्रश्नात घातले की भांडण मिटतं.

प्रात्यक्षिक परीक्षेत तर वेळापत्रक विचारूच नका. रिकामी इन्सुलिन सिरिंज हातात द्या आणि ०.१ मिली कसं द्याल ते दाखवायला सांगा. सुई कातडीला जवळजवळ समांतर ठेवली आणि बरोबर थरात शिरली की ढकलताना चांगलाच विरोध जाणवतो, आणि बीसीजीच्या वेळी येतो तसा संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठतो. दट्ट्या सहज सरकला आणि फुगवटा आला नाही, तर लस खाली चरबीत गेली. मग तो डोस झाला असं धरायचं नाही, जवळच्या जागी पुन्हा द्यायचा. आयएम देताना कुल्ल्यात दिलं तर शून्य गुण द्या: तिथे चरबीचा थर जाड असतो आणि प्रतिपिंडं कमी बनतात. मोठ्यांना दंडात, तान्ह्या आणि लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. विरघळवलेली वायल २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत वापरायची, उरलेली फेकायची. आयडीच्या रुग्णांना एकाच वेळी बोलावण्यामागे हे कारण आहे.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक केस सुचवतो, कारण तिच्यात कुत्रं कुठेच दिसत नाही. म्हैस वैरण खाईना, तोंडातून लाळ गळतेय, घोगरं ओरडतेय. घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून मालक कोपरापर्यंत हात घालून पाहतो. आदल्या दिवशी उसाची पाती लागून त्या हातावर ओरखडे आहेत. दुसऱ्या दिवशी म्हैस पडते, आणि पशुवैद्य रेबीजचा संशय सांगतात. मालक कोणत्या वर्गात? फाटलेल्या कातडीवर लाळ, म्हणजे वर्ग ३. धुणं, सिरम, लस, सगळं. हातभर पसरलेल्या ओरखड्यांत सिरम कसं वाटाल, हा पुढचा प्रश्न. दहा दिवस वाट पाहायचा नियम इथे लागूच नाही. आणि त्याच म्हशीचं दूध घरातल्या पाच जणांनी प्यायलं आहे, त्यातल्या दोघांनी धारोष्ण. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. उकळलेल्या दुधाने धोका नाही. कच्च्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं आजवर कुठेही सिद्ध झालेलं नाही, तरी अशा जनावराचं दूध वापरायचं नाही, एवढं सांगायचं. पण धार काढणाऱ्या बाईच्या बोटांना चिरा आहेत का आणि तिने म्हशीची लाळ पुसली का, हे विचारल्याशिवाय तिला घरी पाठवायचं नाही.

शेवटची केस छोटी. दोन वर्षांपूर्वी पूर्ण कोर्स केलेल्या बाईला गडहिंग्लजच्या बाजारात पुन्हा कुत्रं चावलं, रक्त आलं. विद्यार्थी वर्ग ३ ओळखतो आणि सवयीने सिरम लिहितो. कार्ड हातात असेल तर सिरम नाही. धुणं, आणि ० व ३ या दोनच दिवशी लस. कार्ड नसेल, कोर्स पूर्ण झाल्याची खात्री देणारं काहीच नसेल, तर तिला पूर्वी लस न घेतलेली धरायचं. गरोदर असली तरी या उपचारात काही बदलत नाही. मात्र तिची प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीमुळे, तर वर्ग २ मध्येही सिरम द्यायचं. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती तिच्या सासूबाई घालत असतील तर विद्यार्थ्याने त्यांना सांगावं की ती मेंदूच्या पेशींपासूनची जुनी लस होती आणि तिचं उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झालं.

मार्कांची वाटणी आम्ही अशी करू. वरच्या मुलीच्या केसला दहा गुण: धुण्याला तीन, वर्ग आणि त्याचं कारण याला एक, सिरमची मात्रा मिलीत काढून ती पाचही जखमांना कशी वाटाल याला तीन, तारखांना दोन, आणि रविवार दिसला त्याला एक. प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात जून-जुलैचं कॅलेंडर छापायला एक चौकोन पुरतो.

आपले,
कोल्हापुरातील सामुदायिक वैद्यकशास्त्राचे काही शिक्षक व वैद्यकीय अधिकारी